कल्पित भाषा खरी कशी वाटते: जुनी भाषा आणि तिची झीज

प्रश्न: मी मराठीत एक कल्पनारम्य कादंबरी लिहितो आहे. तिच्यात दोन लोकसमूह आहेत आणि त्यांच्या भाषांतली नावे व थोडे शब्द मी तयार केले आहेत, पण ते उगीच अक्षरे जुळवल्यासारखे वाटतात. भाषाशास्त्र मी शिकलेलो नाही. अशा भाषा खऱ्या वाटाव्यात म्हणून त्या नेमक्या कशा बांधतात?

उत्तर:

खरी भाषा वापरून वापरून झिजलेली असते आणि त्या झिजेच्या खुणा तिच्या प्रत्येक शब्दावर असतात. आपण बसल्या जागी जुळवलेल्या शब्दांवर त्या नसतात, म्हणूनच ते उपरे वाटतात. यावर उपाय असा की कादंबरीत दिसणारी भाषा थेट बनवायची नाही. आधी तिची पूर्वज भाषा बनवायची, मग उच्चार कसे बदलत गेले याचे तीन-चार नियम ठरवायचे आणि जुने शब्द त्या नियमांतून पार करून आजची रूपे मिळवायची. दोन समूहांसाठी नियमांचे दोन वेगळे संच वापरले, की एकाच मुळातून दोन बहिणी भाषा तयार होतात. शब्दांची संख्या किंवा व्याकरणाची जाडी यांपेक्षा ही एक गोष्ट कितीतरी जास्त परिणाम करते, त्यामुळे मी सविस्तर तिच्याबद्दलच लिहितो.

ही पद्धत सर्वांत खोलवर वापरली ती ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कथेचे लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांनी. ते ऑक्सफर्डमध्ये १९२५ पासून अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते आणि जुन्या युरोपीय भाषांतील उच्चार शतकानुशतके कसे बदलले, हा त्यांच्या रोजच्या अभ्यासाचा विषय होता. त्यांच्या एल्फ लोकांच्या दोन प्रमुख भाषा आहेत. क्वेन्याला फिनिश भाषेचा नाद आहे, तर सिंदारिनला वेल्श भाषेचा. वरवर पाहता या दोन्हींत काही साम्य दिसत नाही, पण त्या एकाच मूळ भाषेतून उतरलेल्या आहेत. मूळ भाषेत झाडाला साधारण ‘गलादा’ असा शब्द होता. क्वेन्यात मधला स्वर गळाला आणि सुरुवातीचा ‘ग’ही गेला, त्यामुळे झाड ‘अल्दा’ झाले. सिंदारिनने ‘ग’ राखला, स्वरानंतरचा ‘द’ मऊ केला आणि शेवटचा स्वर टाकला, त्यामुळे तेच झाड ‘गलाध’ झाले. दगडाचे पाहा: क्वेन्यात ‘ओन्दो’, सिंदारिनमध्ये ‘गोन्द’. इथेही ‘ग’ एकीकडे गेला आहे आणि दुसरीकडे राहिला आहे. ‘गोन्दोर’ या राज्याच्या नावात हाच दगड आहे.

वाचकाला यातला एकही नियम सांगितलेला नसतो, तरीही तो पोहोचतो. त्या कथेत इसिल्दुर आणि अनारिओन असे दोन भाऊ आहेत आणि त्यांनी वसवलेली शहरे आहेत मिनास इथिल व मिनास अनोर. चंद्राला क्वेन्यात ‘इसिल’ म्हणतात, सिंदारिनमध्ये ‘इथिल’. सूर्याला क्वेन्यात ‘अनार’, सिंदारिनमध्ये ‘अनोर’. भावांची नावे प्रतिष्ठेच्या भाषेत आहेत, शहरांची रोजच्या भाषेत. अर्थ ठाऊक नसलेल्या वाचकालाही ही नावे एकमेकांची नातेवाईक आहेत हे जाणवते आणि त्या जगाला मागे काळ आहे असा विश्वास बसतो.

आपल्या मराठी वाचकांना ही गोष्ट नवी नाही, फक्त तिच्याकडे आपण क्वचित या नजरेने पाहतो. संस्कृत हस्त, सप्त, कर्म. प्राकृतात हत्थ, सत्त, कम्म. मराठीत हात, सात, काम. भिन्न व्यंजनांची जोडी आधी एकाच व्यंजनाची दुहेरी झाली, मग त्यातले एक गळाले आणि भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ झाला. पंजाबी मात्र मधल्या पायरीवरच थांबली. तिथे आजही हत्थ, सत्त, कम्म असेच म्हणतात. एक नियम, अनेक शब्द आणि त्या नियमाबाबत वेगळी वाट धरलेली एक बहीण: कल्पित भाषेसाठी लागणारा सगळा ऐवज एवढ्यात आहे.

आता प्रत्यक्ष बांधणी करू. पहिला निर्णय ध्वनींचा असतो आणि तिथे कोणते ध्वनी घ्यायचे यापेक्षा कोणते वगळायचे हे महत्त्वाचे ठरते. ऋ, ष, ज्ञ, क्ष आले की नाव संस्कृत वाटते. ळ आला की वाचक लगेच घरी परततो. ट-वर्ग आणि महाप्राण व्यंजने (ख, घ, थ, ध वगैरे) पूर्ण वगळली, तर भाषा चटकन परकी वाटू लागते आणि त्यासाठी एकही विचित्र जोडाक्षर लागत नाही. देवनागरीत लिहिणाऱ्याला आणखी दोन अडचणी येतात. च, ज, झ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत (‘चहा’तला च आणि ‘चाक’मधला च वेगळा), त्यामुळे नावात ते आले की प्रत्येक वाचक आपल्या मनाने उच्चार करतो. तसेच शब्दातला ‘अ’ आपण कुठे उच्चारतो, कुठे गिळतो. ‘मनवर’ असे नाव कोणी म-न-वर वाचेल, तर कोणी मन्-वर. म्हणून मूळ भाषेत आ, इ, उ असे स्पष्ट दिसणारे स्वरच ठेवावेत, असे मी नवशिक्यांना नेहमी सांगतो.

आपल्या उदाहरणातील मूळ भाषेत प, त, क, ब, द, ग, म, न, स, र, ल, व एवढीच व्यंजने आणि आ, इ, उ एवढेच स्वर आहेत असे धरू. प्रत्येक अक्षर म्हणजे एक व्यंजन आणि एक स्वर. तीन शब्द घेऊ: लुतिना म्हणजे दगड, तुकिमा म्हणजे नदी, नुलाता म्हणजे तटबंदीचा कोट. दगडासाठी ‘मातिना’ घेतला असता, तर वाचकाला त्यात माती ऐकू आली असती. असा प्रत्येक शब्द मराठी कानाने एकदा तपासून घ्यावा लागतो.

किनाऱ्यावरच्या लोकांसाठी दोन नियम ठरवू. पहिला: दोन स्वरांमध्ये आलेले प, त, क हे अनुक्रमे ब, द, ग होतात. दुसरा: त्यानंतर शब्दाचा शेवटचा स्वर गळतो. लुतिनाचे लुदिना आणि मग लुदिन होते, तुकिमाचे तुगिम, नुलाताचे नुलाद.

डोंगरातल्या लोकांसाठी तीन नियम. पहिला: इ-पूर्वीच्या ‘क’चा ‘श’ होतो. दुसरा: तीन अक्षरी शब्दातला मधला स्वर गळतो. तिसरा: त्यामुळे शेजारी आलेल्या दोन व्यंजनांपैकी पहिले दुसऱ्यासारखे होते, फक्त ‘श’ आहे तसाच टिकतो. लुतिनाचे लुत्ना आणि मग लुन्ना होते. नुलाताचे नुल्ता आणि मग नुत्ता. तुकिमाचे आधी तुशिमा आणि मग तुश्मा.

आता किनाऱ्यावर लुदिन, तुगिम, नुलाद आहेत आणि डोंगरात लुन्ना, तुश्मा, नुत्ता. दोन्ही याद्यांना आपापला आवाज आहे. एकीकडे शब्द मऊ होऊन व्यंजनावर थांबतात, दुसरीकडे ते ठसठशीत द्वित्ताने येतात आणि मोकळ्या स्वरावर संपतात. नकाशावरचे गाव कोणाचे आहे हे वाचकाला आता सांगावे लागणार नाही.

नियमांचा क्रम हा यातला सर्वांत नाजूक भाग आहे. किनाऱ्याच्या भाषेत शेवटचा स्वर आधी गळला असता, तर नुलाताचे ‘नुलात’ झाले असते, त्यातला ‘त’ दोन स्वरांमध्ये उरला नसता आणि त्याचा ‘द’ झालाच नसता. डोंगरात मधला स्वर आधी गळला असता, तर तुकिमाचे तुक्मा आणि मग ‘तुम्मा’ झाले असते आणि ‘श’ कधी जन्मालाच आला नसता. योग्य क्रमाने मिळालेल्या ‘तुश्मा’कडे नीट पाहा. त्यात ‘श’ आहे, पण तो ज्या ‘इ’मुळे आला ती ‘इ’ आता शब्दात नाही. परिणाम उरला आहे आणि कारण नाहीसे झाले आहे. भाषेचे वय वाचकाला जाणवते ते अशाच जागी. नवशिक्यांच्या भाषांत सहसा हेच हुकते: एखाद्या शब्दाला एक क्रम लावलेला असतो, दुसऱ्याला दुसरा, आणि मग झीज नियमित न राहता मनमानी होते. पाच-सहा शब्द प्रत्येक पायरी लिहून पुन्हा पार करून पाहिले, की ही चूक लगेच सापडते.

हीच यंत्रणा व्याकरणातले अपवादही आपोआप निर्माण करते. मूळ भाषेत अनेकवचन अगदी सोपे होते असे मानू: शेवटच्या ‘आ’ऐवजी ‘ई’. नुलाता, नुलाती. डोंगरात ही सोय टिकली: नुत्ता, नुत्ती; लुन्ना, लुन्नी; तुश्मा, तुश्मी. किनाऱ्यावर मात्र, शेवटचा स्वर गळण्यापूर्वी आणखी एक बदल घडला असे ठरवू: शब्दाच्या शेवटी ‘ई’ असेल, तर तिच्या आधीच्या अक्षरातला ‘आ’ हा ‘ए’ होतो. नुलातीचे नुलादी, मग नुलेदी आणि शेवटी नुलेद. एक कोट म्हणजे नुलाद, अनेक कोट म्हणजे नुलेद. प्रत्यय गेला आणि शब्दाच्या आतला स्वर बदलून राहिला. सिंदारिनमध्ये ‘अदान’ म्हणजे माणूस आणि ‘एदाइन’ म्हणजे माणसे, टेकडी ‘अमोन’ आणि टेकड्या ‘एमिन’, ही रूपे याच प्रकारच्या बदलातून आली आहेत. वेल्शमध्येही असे घडलेले आहे.

पण लुदिन आणि तुगिम यांच्या मधल्या अक्षरात ‘आ’ नाही, म्हणून त्यांचे अनेकवचन एकवचनासारखेच राहते. हे पाहून नवशिक्या लेखकाला वाटते की भाषेत बिघाड झाला, आणि तो एखादा प्रत्यय चिकटवून टाकतो. तसे करू नये. मराठीतही एक घोडा आणि पाच घोडे असतात, पण एक दगड आणि पाच दगडच असतात. जुने प्रत्यय झिजून गेल्याने असे झाले आहे, आणि संख्येवरून किंवा क्रियापदावरून आपले काम भागते. उलट या असमानतेचा कथेत उपयोग करता येतो. किनाऱ्यावर वावरणारा डोंगराळ हेर अस्खलित बोलत असूनही घाईत ‘नुलेद’ऐवजी ‘नुलादी’ म्हणून गेला, तर ऐकणाऱ्याला तो कुठला हे कळेल. वाचकालाही कळेल, जर आधीच्या प्रकरणांत नुलेद हे रूप दोन-तीनदा येऊन गेले असेल.

यानंतरची पायरी थरांची आहे. कोणत्याही खऱ्या भाषेत सगळे शब्द एकाच वयाचे नसतात. मराठीत ‘शेत’ आहे आणि ‘क्षेत्र’ही आहे, दोन्ही एकाच शब्दाची रूपे, पण एक बोलण्यातून झिजत आले आणि दुसरे पोथीतून जसेच्या तसे पुन्हा घेतले गेले. म्हणून नांगर शेतात चालतो आणि यात्रा क्षेत्राला जाते. आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांची मंत्रभाषा जुनीच राहिली असे मानले, तर सैनिक राहतात तो ‘नुलाद’ आणि देवाचे कुंपण ते ‘नुलाता’. हे शक्य होते याचे कारण उच्चारातला बदल काही काळ चालतो आणि मग थांबतो. थांबल्यानंतर आत आलेल्या शब्दाला तो लागू होत नाही. म्हणून प्रत्येक नियमाला आपल्या कथेच्या कालगणनेत एक शेवट द्यावा: अमुक राजवटीनंतर हा बदल बंद. त्यानंतर उसना घेतलेला प्रत्येक शब्द उसना म्हणून ओळखू येतो.

इथे भाषा आणि इतिहास एकमेकांत शिरतात आणि टॉल्किन यांचे मोठेपण मला इथे सर्वाधिक जाणवते. क्वेन्यात एका काळी जुन्या ‘थ’सारख्या घर्षक उच्चाराचा ‘स’ झाला. ‘इसिल’मधला ‘स’ त्यातूनच आला आहे. पुढे या कोरड्या नियमाभोवती त्यांनी एक घरगुती वैर रचले. फेआनोर या राजपुत्राच्या आईचे नाव ‘थेरिन्दे’ होते, ते नव्या उच्चारात ‘सेरिन्दे’ होऊ लागले, आणि आईचा मान म्हणून त्याने जुना उच्चार सोडायला ठाम नकार दिला. सावत्र भावांच्या बाजूचे लोक ‘स’ म्हणत, त्याच्या बाजूचे जुनाच उच्चार करत. दुसरीकडे, थिंगोल या राजाने आपल्या प्रजेला क्वेन्या बोलायची बंदी केली आणि त्यामुळे ती रोजच्या वापरातून हटून विधी व विद्येची भाषा झाली. कोणती भाषा कुठे बोलली जाते, याला दोन्ही ठिकाणी कोणाच्या तरी कृतीचे कारण आहे. आपल्या कादंबरीत एवढे एक कारण जरी असले तरी पुष्कळ झाले.

स्थलनामे हे झिजेचे सर्वांत दृश्य ठिकाण. प्रतिष्ठानचे पैठण झाले, शूर्पारकचे सोपारा, करहाटकचे कऱ्हाड, तगरचे तेर. गावाचे नाव रोज हजार तोंडांतून जाते आणि त्याचा अर्थ कोणी मनात आणत नाही, म्हणून ते इतर शब्दांपेक्षा अधिक झिजते. आपल्या मूळ भाषेत नदीकाठच्या कोटाला तुकिमा आणि नुलाता जोडून नाव पडले असेल. किनाऱ्यावर आज त्या गावाला ‘तुगिम-नुलाद’ म्हणत असतील, तर ते कालच ठेवलेले नाव वाटेल. जोडनावात आणखी एक-दोन आवाज गळू द्यावेत आणि गाव ‘तुग्नुलाद’ व्हावे. पुढे डोंगरातल्या लोकांनी ते गाव जिंकले, तर ते त्याला आपल्या नियमांनी घडलेले नाव देणार नाहीत. ऐकले तसे ‘तुग्नुलादा’ म्हणतील, कारण त्यांचे बदल केव्हाच थांबले आहेत आणि त्यांच्या शब्दांना शेवटी स्वर लागतो. डोंगरी मुलखातले असे एक नाव जिंकल्याची गोष्ट न सांगता सांगून जाते.

वाक्यरचनेबद्दल थोडक्यात सांगतो, कारण कादंबरीत पूर्ण वाक्ये फार येत नाहीत. नेहमीचा दोष असा की लेखक मनात मराठी वाक्य रचतो आणि शब्दाच्या जागी शब्द ठेवतो. आपण ‘मला भूक लागली’ म्हणतो, त्यात भूक कर्ता आहे आणि आपण ‘मला’. ही मराठीची आणि तिच्या शेजारणींची सवय आहे. कल्पित भाषा ‘मी भुकेला चालतो’ असेही म्हणू शकते. ओळखण्याची सोपी रीत म्हणजे आपल्या कल्पित वाक्यातल्या प्रत्येक शब्दाखाली त्याचा मराठी अर्थ त्याच क्रमाने लिहायचा. खालची ओळ सरळ, नेटकी मराठी निघाली, तर ती भाषा अजून तयार झालेली नाही. क्रियापद कुठे येते, विशेषण नामाआधी की नंतर, आणि ‘माझे’, ‘त्याचे’ कसे दाखवायचे, एवढे तीन निर्णय मराठीपासून दूर नेले तरी छोट्या वाक्यांपुरते ते पुरतात.

नावांची परीक्षा वेगळी आहे. दोन्ही भाषांतली दहा-दहा नावे मिसळून अशा एकाला द्यावीत ज्याने कादंबरी वाचलेली नाही, आणि त्यांचे दोन ढीग करायला सांगावे. बहुतेक नावे योग्य ढिगात पडली, तर ध्वनींची निवड जमली आहे. तीच नावे दोघांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत; दोघांनी एखादे नाव वेगळे वाचले, तर लेखन बदलावे, कारण वाचकाच्या मनात ते नाव कधीच स्थिर होणार नाही.

कादंबरीसाठी पन्नास-साठ मूळ शब्द आणि प्रत्येक भाषेसाठी तीन-चार नियम पुरेसे असतात: भूरूपे, पाणी, धातू, रंग, नाती, काही विशेषणे. त्यांची एक तक्ता-वही ठेवावी. तिच्यात डावीकडे मूळ शब्द, मग प्रत्येक नियमानंतरचे रूप आणि शेवटी आजचे रूप लिहावे. दुसऱ्या खंडात नवा शब्द लागला, की आजच्या रूपापासून सुरुवात करायची नाही. नेहमी डावीकडच्या रकान्यापासून करायची. झिजलेल्या रूपातून मूळ परत मिळत नाही. वहीत मूळ लिहून ठेवले नसेल, तर ‘लुन्ना’ पाहून तो लुतिनापासून आला, लुदानापासून आला की लुमिनापासून, हे लेखकालाही सांगता येत नाही. मग किनाऱ्यावर त्याचे भावंड लुदिन असायला हवे, लुदान की लुमिन, हे अंदाजाने ठरवावे लागते, आणि दोन भाषांमधले नाते सुटायला लागते ते तिथूनच.